सायमनचं नाव परत येतं तिथपर्यंत

‘मॅडम, मुलंच मुलांना ठार मारतात अशी कादंबरी नववीला कशाला? आणि लावलीच आहे, तर वर्गात शिकवणार तरी कशी?’ असं पालक विचारतात.

हो, ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांच्या कादंबरीत मुलं मरतात. विल्यम गोल्डिंग स्वतः मुलांच्या शाळेत शिक्षक होते, दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढून आले होते आणि १९५४ साली त्यांचं हे पुस्तक प्रसिद्ध झालं. पण पुस्तकात हिंसा एकदम येत नाही. चौथ्या प्रकरणात रॉजर लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकतो, मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती सहाएक यार्डांचं एक रिंगण आहे, त्याच्या आत दगड टाकायची रॉजरची हिंमत होत नाही. आईवडील, शाळा, पोलीस यांचा धाक अजून त्याच्या हातात शिल्लक आहे. अकराव्या प्रकरणात हाच रॉजर पिगीवर शिळा ढकलतो. मधल्या प्रकरणांत तो धाक कसा उतरत गेला, हे मुलांनी शोधायचं असतं. नववीतल्या मुलाला ते रिंगण बरोबर कळतं. मधल्या सुट्टीत त्याने ते पाहिलेलं असतं.

सगळ्यात अवघड नववं प्रकरण. वादळी रात्री मुलं ओरडत नाचत असतात आणि जंगलातून आलेल्या सायमनला श्वापद समजून मारून टाकतात. पहिल्या वर्षी मी ती आरोळी वर्गाकडून म्हणून घेतली होती. दुसऱ्याच फेरीला आवाज चढला, बाकं बडवली गेली आणि कडेला बसलेला एक मुलगा खाली मान घालून गप्प झाला. तेव्हापासून ती आरोळी वर्गात कुणी म्हणत नाही.

आता ते पान मी एकटी, सावकाश वाचते. मुलांच्या हातात पेन्सिल असते. सायमनचं नाव कुठे जातं आणि त्याच्या जागी ‘बीस्ट’, ‘इट’ कुठे येतं, तिथे खूण करायची. मराठीत सांगायचं तर ‘तो’चं ‘ते’ कधी झालं? मारहाण संपून समुद्र त्याचं प्रेत वाहून नेतो, तेव्हा नाव परत येतं. तिथे वर्ग आपोआप शांत होतो.

दुसऱ्या तासाला पुढची सकाळ. राल्फ खुनाला खून म्हणतो, पिगी अपघात म्हणतो, जुळे भाऊ म्हणतात आम्ही लवकर निघालो होतो. प्रत्येकाने स्वतःला काय समजावलं, ते मुलं लिहून काढतात. स्वतःचे अनुभव लिहायला मी सांगत नाही. ‘पिगी’ हे नाव वर्गात कुणालाही चिकटवायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी असतो.

आठव्या प्रकरणातल्या डुकरिणीच्या शिकारीत लैंगिक सूचन आहे. ते मी लपवत नाही, रंगवतही नाही. शिकारीची मजा क्रौर्यात कधी बदलली, एवढंच विचारते.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा मूल मारहाणीतून गेलं असेल, तर नववं प्रकरण सुरू होण्याआधी मला कळवा. कारण सांगायची गरज नाही. ते दोन तास तुमचं मूल ग्रंथालयात बसेल आणि त्यानंतर आमच्यात येईल.