पगार निघाला होता, पोचला नव्हता

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या गोदामात मी सुपरवायझर आहे. जूनचा पगार ७ जुलैला यायला हवा होता, जुलैचा ७ ऑगस्टला. दोन्ही आले नाहीत. गोदामातल्या बाकी सगळ्यांचे वेळेवर झाले. महिनाभर मी फोनच करत होतो आणि "बघतो, सांगतो" एवढंच ऐकत होतो.

११ ऑगस्टला दुपारची गाडी भरून झाल्यावर पुण्याच्या पेरोल विभागाला मेल लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात घरभाडं होतं, मुलीची फी होती, रागही होता. तो खोडला. पेरोलवाल्या मॅडमना माझी अडचण कळून काय शोधायचं ते कळणार नव्हतं.

मग आधी पोर्टल उघडलं. दोन्ही महिन्यांच्या पगारपावत्या तिथे तयार होत्या आणि पीएफच्या पासबुकातही दोन्ही हप्ते जमा दिसत होते. म्हणजे हजेरी अडली नव्हती, पगार रोखलाही नव्हता. पावतीच नसती, तर घोळ हजेरीत किंवा मंजुरीत शोधावा लागला असता. इथे पैसे कंपनीतून निघाले होते आणि वाटेत कुठेतरी परत फिरले होते. मे महिन्यात मी बँक बदलली होती, हे तेव्हा डोक्यात आलं.

शेवटी पाठवला तो मेल असा:

"नमस्कार मॅडम, जून आणि जुलैचा माझा पगार खात्यात जमा झालेला नाही. दोन्ही पगारपावत्या पोर्टलवर आहेत. १ जुलैपासून आजपर्यंतचं बँक स्टेटमेंट आणि रद्द केलेला चेक सोबत जोडला आहे. कृपया दोन्ही व्यवहारांचे यूटीआर नंबर कळवावेत आणि रक्कम बँकेकडून परत आली आहे का, ते पाहावं. माझा खाते क्रमांक चेकवरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा, ही विनंती."

खाली एम्प्लॉयी कोड आणि मोबाइल नंबर दिला. गोदामाच्या मॅनेजर साहेबांना सीसीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मॅडमचाच फोन आला. "दादा, तुमच्या खात्याचे शेवटचे दोन आकडे उलटे पडलेत. ६८ च्या जागी ८६ आहे." त्या क्रमांकाचं खातंच नव्हतं, म्हणून दोन्ही वेळा रक्कम कंपनीच्या खात्यात परत गेली. त्यांच्या नोंदीत मात्र पगार 'दिला' म्हणून महिना बंद झाला होता आणि परत आलेली रक्कम कोणी जुळवून पाहिली नव्हती. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जातात, नाव जुळतंय का ते पाहिलं जात नाही. ८६ चं खातं खरंच कोणाचं असतं, तर माझे दोन पगार त्याच्याकडे गेले असते.

मॅडमनी क्रमांक दुरुस्त केला आणि मला वाचून दाखवायला लावला. मी चेक हातात धरून एकेक आकडा म्हटला. गुरुवारी दोन्ही रकमा आल्या. संध्याकाळी आधी घरमालकांकडे गेलो.