कास्टिंगमधलं भोक आणि करारातला आकडा

हे प्रकरण मिटून बराच काळ झाला, पण माझ्या डोक्यातून जात नाही. मी वकील आहे आणि व्यापारी वादांत मध्यस्थ म्हणून बसते. खोलीतलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून नगाचा प्रकार, आकडे आणि इतर खुणा ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या आहेत. हिशेब मात्र आतून खरा ठेवला आहे.

कोल्हापूरकडची एक फाउंड्री आणि चाकणचा एक मशीनिंगचा कारखाना. फाउंड्री कास्टिंग ओतून पाठवणार, चाकणवाले ते मशीनवर घेऊन पुढे मोठ्या गाडी कंपनीला देणार. फाउंड्रीची 92 लाखांची बिलं थकली होती. चाकणवाल्यांनी त्यातल्या 37 लाख 40 हजारांच्या डेबिट नोटा, म्हणजे एवढे पैसे कापून घेतोय असे कागद, काढल्या होत्या: 1,100 नग मशीनिंगनंतर सच्छिद्र निघाले, नगामागे 3,400 रुपये, त्यात कास्टिंगची किंमत आणि वाया गेलेलं मशीनिंग दोन्ही धरलेलं. वाद 37 लाखांचा, पण त्याच्या नावाखाली सगळे 92 लाख अडकले होते. हे मी फार वेळा पाहिलंय. ज्या रकमेबद्दल कोणाचीच तक्रार नाही ती दाबून धरणं ही आपल्याकडच्या खरेदी खात्यांची सवय होऊन बसली आहे, आणि तिच्यापायी कितीतरी लहान कारखाने व्याज भरत मरतात.

2022 च्या ऑगस्टमध्ये पाटील ऑटोमेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थीचा मार्ग धरावाच लागतो. नाहीतर दावाच फेटाळला जातो. कमर्शियल कोर्ट्स कायद्याचं कलम 12-अ ते हेच. अर्ज केल्यापासून तीन महिने आणि दोघांची संमती असेल तर आणखी दोन, एवढी मुदत. बरेचसे वकील ही एक पायरी म्हणून उरकतात. समोरचा आलाच नाही असा अहवाल घेतात आणि दावा लावतात. इथे दोघंही आले.

पहिल्याच बैठकीत कळलं की मी कितीही समजावलं तरी छिद्रांचा प्रश्न बोलण्यानं सुटणार नाही. फाउंड्रीचे मालक म्हणाले, "मॅडम, चूक आमची असंल तर आम्ही पैसं सोडतो. पण नग दाखवा की. नुसत्या कागदावर भोकं दाखवून कसं चालंल?" नग मागितले तर 640 नाकारलेल्या मालाच्या लाल पिंजऱ्यात होते, उरलेले 460 चाकणवाल्यांनी फाउंड्रीला न दाखवताच भंगारात घातले होते. त्यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी चाकणवाल्यांनी त्या 460 नगांवरचा दावा सोडला आणि फाउंड्रीनं मागच्या थकबाकीवरचं व्याज सोडलं. म्हणजे 640 नग, 21 लाख 76 हजार रुपये, एवढंच भांडण उरलं. बाकीचे 70 लाख 24 हजार निर्विवाद.

त्या 640 साठी आम्ही एक निवृत्त मेटलर्जिस्ट नेमले. नेमणुकीचं पत्र दोन्ही बाजूंच्या सहीनं गेलं आणि त्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तज्ज्ञाला "दोष कोणाचा" असं विचारायचं नाही, हा माझा आग्रह होता. दोष कोणाचा हा कायद्याचा प्रश्न होतो आणि मग उत्तरावर भांडण होतं. विचारायचं ते असं: प्रत्येक नगातलं छिद्र गॅसचं किंवा वितळलेल्या धातूतल्या मळीचं आहे, की श्रिंकेजचं, म्हणजे धातू गोठताना आटल्यामुळे पडलेलं; आणि श्रिंकेजचं असेल तर ते बॉसच्या, म्हणजे नगावरच्या उंचवट्याच्या, जाड झालेल्या भागात आहे का. कारण फाउंड्रीचं म्हणणं असं होतं की साच्याचा पॅटर्न आणि आटणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणाऱ्या रायझरची जागा मंजूर झाल्यावर चाकणवाल्यांनी ड्रॉइंग बदलून बॉस जाड केला. जाड भाग शेवटी गोठतो. आटताना त्याला वरून वितळलेला धातू मिळाला नाही तर आत पोकळी राहते. रायझर तिथे पोहोचत नसेल तर ओतणारा काय करणार?

तज्ज्ञांनी प्रत्येक नगावर ठसा ठोकून क्रमांक उमटवून घेतला, फोटो काढले, बॉसमधून आडवा काप घेतला. त्या दिवशी मी तिथे गेले होते. त्यांनी दोन काप भिंगाखाली शेजारी ठेवले. एकातलं भोक गोल, आतून गुळगुळीत आणि चमकदार, पाण्याचा बुडबुडा गोठल्यासारखं. ते गॅसचं. दुसऱ्याची कडा फाटकी, आत खडबडीत सुया उभ्या राहिलेल्या. ते श्रिंकेजचं. एकदा दाखवल्यावर माझ्यासारख्या वकिलालाही फरक चुकला नसता. मोडक्या-तोडक्या फोटोंवर दोन वर्षं भांडत बसलेले लोक हे पाच मिनिटांत पाहू शकले असते, याचा मला तेव्हा राग आला.

दर आधीच ठरले होते: गॅस-मळीचा नग फाउंड्रीच्या अंगावर, जाड बॉसमधल्या श्रिंकेजचा चाकणवाल्यांच्या अंगावर, पूर्ण 3,400, सांगता येत नाही असा नग निम्मा, 1,700. अहवालात 228 पहिल्या प्रकारचे, 342 दुसऱ्या, 70 तिसऱ्या. म्हणजे चाकणवाल्यांनी द्यायचे 12 लाख 81 हजार 800.

वाढीव मुदतीचा शेवटचा दिवस होता. चाकणच्या मालकांनी पान उलटलं आणि म्हणाले, "मी सही करणार नाही."

इथे कायद्याची खरी अडचण सुरू होते. तज्ज्ञाचा निर्णय बंधनकारक मानू असं दोघांनी पत्रात लिहून दिलं होतं. पण तो लवादाचा निवाडा नव्हे. के. के. मोदी विरुद्ध के. एन. मोदी या 1998 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हीच रेघ मारली: मोदी कुटुंबाच्या वाटणीत आयएफसीआय या वित्तसंस्थेच्या अध्यक्षांनी दिलेला निर्णय तज्ज्ञाचा ठरला, लवादाचा नाही. तज्ज्ञाचा निर्णय मोडला तर तो करारभंग. त्यासाठी दावा लावायचा, पुरावा द्यायचा, साक्षी नोंदवायच्या. ज्या कोर्टापासून दूर राहायला आलो त्याच कोर्टात परत. याउलट कलम 12-अ खाली लिहून सही झालेल्या समझोत्याला परस्परसंमतीच्या लवाद निवाड्याचा दर्जा मिळतो आणि लवाद कायद्याच्या कलम 36 नुसार त्याची अंमलबजावणी थेट हुकूमनाम्यासारखी करून घेता येते. तज्ज्ञाचा आकडा समझोत्याच्या आत आला तर त्याला दात. बाहेर राहिला तर नुसतं मत.

फाउंड्रीच्या वकिलांनी सुचवलं की आकडा न लिहिता "तज्ज्ञांच्या अहवालानुसार रक्कम देण्यात येईल" असं लिहून टाकू, म्हणजे ते सही करतील. मी नाही म्हटलं. अंमलबजावणीचं कोर्ट हुकूमनाम्यामागे काय घडलं ते तपासत नाही. त्यात रक्कम नसेल तर ते ती ठरवायलाही बसत नाही. समोरचा उभा राहून "अहवाल पक्षपाती आहे" म्हणेल आणि तारखा सुरू होतील. आणि त्या दिवशी खोलीत काय ठरलं हे सांगायला मला साक्षीला बोलावता येणार नाही. मी खोलीबाहेर पडले की जे काही बोलायचं ते कागदानंच बोलायचं. काही मध्यस्थ हस्तांदोलन झालं की घाईघाईनं दोन पानं खरडतात, "उभय पक्ष सामोपचाराने" वगैरे. समोरच्यानं हप्ता चुकवला की त्या पानांचा उपयोग शून्य असतो, आणि बदनामी सगळ्या मध्यस्थीची होते.

चाकणच्या मालकांना मी वेगळ्या खोलीत घेतलं. मला वाटलं होतं ते पैशांवर अडलेत. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "बारा लाख मी देईन हो. पण ड्रॉइंग आमचं चुकलं असं लिहिलेला कागद कोर्टात गेला आणि उद्या गाडी कंपनीच्या हातात पडला तर? 342 नग आमच्या बॉसमुळे गेले, हे वाचलं तर ते काय करतील?"

अडचण कळल्यावर मार्ग निघाला. समझोत्यात अहवाल जोडायचा नाही. कारणं लिहायची नाहीत, प्रकारांची नावंसुद्धा नाहीत. फक्त नगांची संख्या, दर, गुणाकार आणि बेरीज यांचं परिशिष्ट, आणि मुख्य कलमात निर्विवाद थकबाकी धरून आकड्यात व अक्षरात एकच रक्कम: 83,05,800. कोणीही दोष कबूल करत नाही असं एक वाक्य. सहीच्या वेळी 23 लाख 5 हजार 800, मग दहा लाखांचे सहा मासिक हप्ते. एखादा हप्ता सात दिवस चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय आणि त्यावर 12 टक्के व्याज. जीएसटीच्या क्रेडिट नोटा कोण कधी काढणार याचा वेगळा परिच्छेद. चाकणच्या वकिलांनी हप्ता चुकल्याचं कलम "अविश्वासाचं लक्षण" म्हणून काढायला सांगितलं. मी त्यांना म्हटलं की, हप्ते भरणाऱ्याला या कलमाचा काहीच त्रास नाही. शेवटी संचालक मंडळाचा ठराव मागितला, कारण कंपनीच्या वतीनं सही करणाऱ्याचा अधिकारच नव्हता, ही हरकत मी अंमलबजावणीत ऐकलेली आहे. तो आल्यावर रात्री सह्या झाल्या.

चौथा हप्ता आला नाही.

फाउंड्रीनं अंमलबजावणीचा अर्ज लावला. चाकणच्या नव्या वकिलांनी हरकत घेतली की तज्ज्ञानं नग नीट तपासलेच नाहीत. निवाड्याला आव्हान द्यायची लवाद कायद्याच्या कलम 34 ची मुदत तीन महिन्यांची, आणि कोर्टाच्या परवानगीनं फार तर आणखी तीस दिवस. ती कोणी वापरली नव्हती आणि आता संपली होती. कोर्टानं सह्या, ठराव आणि रक्कम पाहिली. तज्ज्ञाचं नावही समझोत्यात नव्हतं, त्यामुळे हरकतीला टेकायला जागाच उरली नाही. बँक खात्यावर जप्तीचा आदेश झाला आणि व्याजासकट उरलेली रक्कम फाउंड्रीला मिळाली. फाउंड्रीच्या वकिलांनी फोन करून हे सांगितलं तेव्हा मला खूप बरं वाटलं.

पण त्याच फोनमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तोच नग आता इचलकरंजीकडच्या दुसऱ्या फाउंड्रीला गेला आहे. ड्रॉइंग तेच आहे आणि बॉस अजून तितकाच जाड आहे. माझ्याकडच्या अहवालात चौथ्या पानावर त्यावरचा उपाय लिहिलेला आहे: रायझर हलवा, नाहीतर बॉस पूर्वीच्या जाडीचा करा. तो अहवाल समझोत्याबाहेर ठेवला म्हणून सही झाली आणि सही झाली म्हणून पैसे मिळाले. त्या दुसऱ्या फाउंड्रीला मी तो दाखवू शकत नाही, आणि चाकणचे मालक तो दाखवतील असं मला वाटत नाही. पुढच्या मध्यस्थीत मी एक कलम घालून बघणार आहे: तज्ज्ञाची तांत्रिक शिफारस, कोणाचं नाव न घेता, खरेदीदारानं पुढच्या पुरवठादाराला ड्रॉइंगसोबत द्यायची. कोणता खरेदीदार यावर सही करेल, हे मला अजून उमगलेलं नाही.