5E की SE? मॅन्युअलमधून बिघाड शोधण्याची नोंद, वॉशिंग मशीन

मागच्या तीन नोंदी मिक्सर आणि गीझरच्या होत्या. त्यांची मॅन्युअलं आठ-दहा पानांची, त्यामुळे सगळं वाचून काढलं तरी चालायचं. या वेळी फ्रंट लोड वॉशिंग मशीन आलं आणि त्याची पीडीएफ ६४ पानांची निघाली. शोधायचं कसं, याबद्दल या एका प्रकरणात बरंच हाती लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

शनिवारी सकाळी राजारामपुरीतून काकूंचा फोन आला. “मशीन मधीच थांबलंय रे. पाणी आतच हाय, दार उघडंना. वर एस ई असं आलंय. बघ की जरा.”

काकूंकडून आधी मॉडेल नंबर मागून घेतला. तो दाराच्या आतल्या कडेवर किंवा मागच्या स्टिकरवर असतो. दार अडकलेलं असल्यामुळे त्यांनी मागचा फोटो काढून पाठवला. त्यावरून पीडीएफ उतरवली आणि शोधात SE टाकलं. शंभराच्या वर जागा आल्या. use, close, hose, rinse, सगळ्यांत se आहेच. मग पूर्ण शब्द जुळवण्याचा पर्याय लावला, तर एकही जागा नाही. काकूंनी वाचलेलं बरोबर होतं आणि मॅन्युअलही बरोबर होतं. मशीनच्या त्या छोट्या पडद्यावर प्रत्येक अक्षर सात रेघांतून बनतं, आणि त्या रेघांत S आणि 5 अगदी एकच दिसतात. O आणि शून्याचंही तेच. मॅन्युअलमध्ये कोड 5E असा छापलेला होता.

यापुढे कुठलाही कोड शोधताना त्याची दोन्ही रूपं टाकायची, असं मी ठरवलंय. मी पीडीएफचा मजकूर काढून त्यातच शोधतो, कारण तिथे ओळ क्रमांकही मिळतो:

```
pdftotext -layout manual.pdf m.txt
grep -nwE "5E|SE" m.txt
```

`-layout` विसरू नका. ते नसेल तर तक्त्यातले रकाने एकमेकांत मिसळू शकतात आणि एका कोडचा उपाय दुसऱ्या कोडसमोर आल्यासारखा दिसतो. दोन्ही रूपं टाकूनही काहीच आलं नाही, तर तक्ता चित्र म्हणून चिकटवलेला असण्याची शक्यता आहे. मग पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात.

कोड पानावर छापलेल्या ४९ क्रमांकाला सापडला, पण पीडीएफच्या मोजणीत ते पान ५१ वं होतं, कारण मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका छापील क्रमांकात धरलेली नव्हती. मॅन्युअलमध्ये “अमुक पान पाहा” असं म्हटलेलं असतं ते छापील पान, हे लक्षात ठेवलं की फेरे वाचतात.

समोर दोन उपाय होते. पाणी बाहेर नेणारा पाइप तुंबलेला नाही ना ते पाहा, आणि तो वाकलेला नाही ना ते पाहा. मी तेवढंच काकूंना सांगायला निघालो होतो. पण शेवटच्या ओळीखाली तक्त्याची रेघ नव्हती, म्हणून पुढचं पान काढलं:

```
pdftotext -layout -f 51 -l 52 manual.pdf -
```

तक्ता पानाच्या टोकाला तुटला होता. पुढच्या पानावर मथळा पुन्हा छापलेला आणि त्याखाली 5E चा उरलेला उपाय: कचऱ्याचा फिल्टर साफ करा. कोडचं नाव तिथे परत दिलेलं नसल्यामुळे शोधात ते पान कधीच आलं नसतं. आता मी कोड सापडलेल्या पानाचं पुढचं पान काढल्याशिवाय थांबत नाही.

तक्ता फक्त “फिल्टर साफ करा” म्हणतो. कसा करायचा ते देखभालीच्या प्रकरणात आहे, आणि पाइप किती उंचीवर हवा ते मशीन बसवण्याच्या प्रकरणात. या मॅन्युअलप्रमाणे ६० ते ९० सेंटिमीटर. म्हणजे एका बिघाडाच्या पायऱ्या तीन प्रकरणांत विखुरलेल्या. मी debris filter आणि drain hose हे तक्त्यातलेच शब्द घेऊन पुन्हा शोध केला. नुसतं drain टाकलं असतं तर निम्मं पुस्तक समोर आलं असतं.

मग सोपं करून सांगण्याचं काम. मॅन्युअलमध्ये पाइप गोठला आहे का, तेही पाहायला सांगितलंय. कोल्हापुरात पाइप गोठत नाही, ती ओळ काढली. आणीबाणीत पाणी काढायची बारीक नळी फक्त काही मॉडेलना असते असंही बारीक अक्षरात होतं, म्हणून खालची झडप उघडून काकूंना आधी नळी दिसते का ते विचारलं. होती.

उपायांचा क्रम मी तक्त्यातलाच ठेवला. पाइप बघायला काही उघडावं लागत नाही, म्हणून तो आधी. फिल्टरच्या पायऱ्यांचा क्रमही जसाच्या तसा ठेवला. तिथे अदलाबदल केली तर खोलीभर पाणी होतं किंवा हात भाजतो.

काकूंना मराठीत लिहून पाठवलं ते असं. प्लग काढा, नळ बंद करा. गरम पाण्याचं धुणं लावलं असेल तर पाणी निवेपर्यंत थांबा. मशीनमागचा पाइप कुठे दबलाय का बघा. खाली परात ठेवा, बारीक नळी ओढून तिचं टोपण काढा. परात भरत आली की टोपण लावा, ओता, परत काढा. पाणी यायचं थांबल्यावरच मोठं गोल झाकण डावीकडे फिरवा. ते सैल करताना धार जोरात आली तर लगेच घट्ट करा, म्हणजे आत अजून पाणी आहे. फिल्टर धुऊन घट्ट बसवा.

प्रत्येक पायरीला काय दिसलं पाहिजे, हे मी मुद्दाम घातलं. “पूर्ण निचरा करा” यावरून माणसाला निचरा पूर्ण झाला हे कळत नाही. “पाणी यायचं थांबलं” हे कळतं.

पाइप ठीक होता. सहा पराती पाणी निघालं. फिल्टरमध्ये एक सेफ्टी पिन आणि तांबड्या मातीत मळलेल्या धाग्यांचा घट्ट गोळा. काकूंचा नातू तालमीत जातो. आखाड्याच्या मातीत तेल असतं, त्यामुळे ती धाग्यांना धरून बसते, कोरड्या धुळीसारखी वाहून जात नाही. त्याचे कपडे आधी बादलीत खंगाळून मग मशीनमध्ये टाका, असं सुचवलं.

फिल्टरच्या पोकळीत टॉर्च मारून पंपाचा पंखाही बघायला लावला. पेन्सिलीने ढकलला तर तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरला. तसं फिरणं ठीक असतं, आतल्या चुंबकामुळे होतं ते. अजिबात हलला नसता तर काहीतरी अडकलेलं. हे मॅन्युअलमध्ये नाही, म्हणून काकूंच्या कागदावर ती ओळ वेगळ्या शाईने लिहिली.

नुसतं पिळण्याचं चक्र लावलं, दोन मिनिटांत मोरीत धार पडली. 5E परत आला असता आणि पंपाचा आवाजच नसता, तर पंप किंवा त्याच्या वायरी तपासाव्या लागल्या असत्या. मॅन्युअल तिथे सर्व्हिस सेंटरला बोलवा म्हणतं, आणि मीही तिथेच थांबतो.