आम्ही यात्रेला असताना मुलीला शाळेतून मामाने आणण्याची परवानगी

सप्टेंबरअखेरीस सासूबाई-सासऱ्यांना केदारनाथ-बद्रीनाथला न्यायचे ठरले, तेव्हा दुसरीत शिकणारी आमची मुलगी आठवडाभर सिंहगड रस्त्याला माझ्या भावाकडे राहणार होती. तिची शाळा कोथरूडला आहे आणि एरवी ती व्हॅनने घरी येते. व्हॅन त्या बाजूला जात नसल्याने तिला शाळेच्या फाटकातून मामानेच आणायचे होते.

वर्गशिक्षिकांना डायरीत चिठ्ठी लिहून विचारले असता त्यांनी मुख्याध्यापिकांच्या नावे अर्ज द्यायला सांगितले. अर्जावर आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि कार्यालयात त्या प्रवेश अर्जावरील सह्यांशी ताडून पाहिल्या गेल्या. सोबत भावाचा फोटो आणि त्याच्या आधारची प्रत जोडली. प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेलीच द्यावी, असे माझे मत आहे. ओळख पटवायला नाव, फोटो आणि शेवटचे चार अंक पुरेसे असतात.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो फोनचा. नेणाऱ्याविषयी शंका आली की शाळा पालकांच्या नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करते, पण गौरीकुंडहून वर चालू लागल्यावर रेंज मिळेलच याचा भरवसा नसतो आणि खात्री होईपर्यंत मूल फाटकाच्या आत थांबून राहते. म्हणून अर्जात हे वाक्य घातले: "दि. 23 ते 28 सप्टेंबर, सोमवार ते शनिवार, आमची मुलगी कु. … हिला तिचे सख्खे मामा नेतील, आमच्याशी संपर्क न झाल्यास तिच्या आजीला (माझ्या आईला) फोन करावा, सोमवार, दि. 30 पासून ती नेहमीप्रमाणे व्हॅनने येईल." शनिवारी शाळा लवकर सुटत असल्याने त्या दिवशीची वेळ वेगळी लिहिली. आईचा क्रमांक कार्यालयातल्या नोंदीतही घालून घेतला.

अर्जावर पोच घेतली, तरी अर्ज कार्यालयातल्या फाइलमध्ये राहतो आणि मुलीला प्रत्यक्ष सोडणारी माणसे फाटकावर असतात. त्यामुळे मंजुरीची एक प्रत सुरक्षारक्षकांच्या वहीत लावून घेतली आणि भावाला तात्पुरता पास मिळवला. व्हॅनवाल्या काकांना स्वतंत्रपणे सांगणे तितकेच गरजेचे होते, कारण शाळा सुटल्याच्या गर्दीत सवयीने मूल व्हॅनमध्ये बसवले जाते आणि बंद घरापाशी उतरवले जाण्याचा धोका असतो. त्यांनी आठवड्याच्या तारखा लिहिलेला कागद व्हॅनच्या काचेला आतून चिकटवला.

मुलीलाही शनिवारपर्यंत व्हॅनमध्ये बसायचे नाही, आणि मामा दिसेपर्यंत बाईंजवळच थांबायचे, कोणी ओळखीचे म्हणाले तरी त्यांच्याबरोबर जायचे नाही, असे सांगून ठेवले. पहिल्या दिवशी रक्षकांनी पासवरचा फोटो पाहिला, वहीत भावाची सही घेतली आणि मग वर्गशिक्षिकांनी तिला पुढे पाठवले.