आमची वाटचाल: मसाल्याचा हिशोब आणि गेलेल्यांची वही

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला करतो. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, आणि कुटणं डंकावरच. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक ओळखीतूनच यायचं. इन्स्टाग्रामवर आलो तसं पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक वाढलं आणि फॉलोअर नऊ हजारांवर गेले. इथवरची गोष्ट सगळ्यांचीच सारखी असते, म्हणून ती लांबवत नाही. मला सांगायचंय ते पुढच्या वहीबद्दल. रोज किती जण आले यापेक्षा रोज किती जण गेले, हे आम्ही त्या वहीत लिहायला लागलो.

वही सुरू झाली ती चुकीच्या कारणाने. कोण सोडून गेलं त्यांची नावं कळावीत म्हणून जाऊबाईंनी एक ॲप टाकलं आणि त्यात आमचा पासवर्ड दिला. दुसऱ्या दिवशी खातं बंद! ते परत मिळवायला चार दिवस लागले. कोण गेलं हे इन्स्टाग्राम सांगतच नाही. प्रोफेशनल खात्याच्या इनसाइट्समध्ये किती आले आणि किती गेले एवढंच दिसतं. त्यातही ‘गेले’ या आकड्यात ज्यांनी इन्स्टाग्रामच सोडलं तेही मोजलेले असतात. म्हणजे त्यातल्या काहींशी आपला काही संबंधही नसतो.

मग रोज सकाळी नऊला एक ओळ लिहायची असं ठरलं: एकूण फॉलोअर, आले, गेले, आणि आदल्या दिवशी कोणती पोस्ट किती वाजता गेली. पोस्ट आम्ही रविवारी रात्री बसून आठवड्याभराच्या लावून ठेवतो, त्यामुळे वेळा पक्क्या असतात. पुतण्याने याचीच शीट केली. रोज सहा ते नऊ जण जायचे. हा आमचा नेहमीचा आकडा. एखादा दिवस वेगळा आहे की नाही हे बघायला त्याने एक सूत्र घातलं:

```
=D30/MEDIAN(D2:D29)
```

डी रकान्यात ‘गेले’. आजच्या आकड्याला मागच्या अठ्ठावीस दिवसांच्या मधल्या आकड्याने भागायचं. सरासरी मुद्दाम घेतली नाही, कारण एखाद्या दिवशी शंभर गेले तर पुढचा महिनाभर सरासरीच फुगलेली राहते. उत्तर तीनच्या वर आलं तरच तपास करायचा, एरवी डोकं लावायचं नाही.

2024च्या फेब्रुवारीत आम्ही बक्षीस ठेवलं. फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, पाच किलो मसाला जिंका. सहा दिवसांत सहाशे चाळीस जण आले. गुरुवारी 8 तारखेला रात्री आठ वाजता निकाल लावला. त्याच दिवशी सकाळी दहाला, आधीच लावून ठेवलेली रील गेली होती: मिरचीची देठं काढणाऱ्या आमच्या बायका, हाताला तेल चोळून बसलेल्या, मध्येच शिंकणाऱ्या. गुरुवारच्या रकान्यात गेलेले एकशे अठरा. शुक्रवारी चौसष्ट.

पुतण्या म्हणाला, “काकू, रील नको होती. लोकांना शिंका आवडल्या नाहीत.” मला बक्षिसाचा संशय होता, पण निकाल रात्री आठला लागलेला. गुरुवारच्या उरलेल्या चार तासांत शंभरावर लोक जातील का, या प्रश्नावर मी गप्प बसले. देठांच्या रील तीन आठवडे बंद केल्या. ऐन मिरचीच्या तोंडावर.

पुढे त्याने नव्या फॉलोअरचे रोजचे आकडे थेट इन्स्टाग्रामच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामने आकडे मागवायच्या सोयीतून, ओढले, तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे `end_time` म्हणून सकाळी 08:00 यूटीसी दिसलं. म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड. इन्स्टाग्रामचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्री संपतो. (तिथली घड्याळं उन्हाळ्यात एक तास पुढे जातात, तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात.)

‘गेले’चे आकडेही त्याच घड्याळाने असतील असं धरलं, तर चित्र पार उलटतं. गुरुवारी सकाळी दहाची रील त्यांच्या बुधवारात पडते, आणि बुधवारच्या रकान्यात गेलेले होते नऊ. नेहमीसारखेच. त्यांचा गुरुवार आपल्या गुरुवारी दुपारी दीडला सुरू होऊन शुक्रवारी दुपारी दीडला संपतो. त्यात निकाल, निकालानंतरची अख्खी रात्र आणि दुसरी सकाळ, सगळं मावतं. आमच्या वहीत दोन्ही पोस्ट एकाच तारखेला होत्या, म्हणून निर्दोष रील अडकली.

नुसत्या तर्कावर सोडायचं नव्हतं. 29 फेब्रुवारीला, गुरुवारीच, सकाळी दहाला तशीच दुसरी रील लावली आणि एकूण फॉलोअर हाताने दहा, एक, चार आणि आठ वाजता लिहिले. एकपर्यंत चौदा वाढले. बुधवार आणि गुरुवार, दोन्ही रकान्यांत गेलेले आठ आणि सात. रील सुटली. तेव्हापासून वहीत ‘त्यांची तारीख’ असा वेगळा रकाना आहे, आणि पोस्ट दुपारच्या आधी गेली असेल तर ती आदल्या तारखेसमोर लिहितो.

बक्षिसाने आलेल्यांपैकी कितीजण गेले हे नेमकं काढता येत नाही, कारण नावंच नाहीत. पण पुढच्या बारा दिवसांत नेहमीपेक्षा जास्तीचे गेलेले मोजले तर ते तीनशेच्या आसपास भरले. त्यानंतर बक्षीस ठेवलं नाही.

एक खड्डा मात्र कुठल्याच पोस्टला जोडता आला नाही. जूनमध्ये एका दिवसात त्र्याहत्तर गेले, आणि त्याच्या आधी दोन दिवस आम्ही काहीही टाकलं नव्हतं. ओळखीच्या बेकरीवाल्या बाईंना विचारलं, त्यांचेही त्याच दिवशी कमी झालेले. इन्स्टाग्राम अधूनमधून खोटी खाती काढून टाकतं, त्यातला प्रकार असावा. दुसऱ्या दिवशी आकडा परत सातवर. अशा दिवसापुढे आम्ही ‘साफसफाई’ लिहितो आणि तो सूत्रातून वगळतो.

दोषी सापडली ती भावपत्रकाची पोस्ट. दर मंगळवारी जाऊबाई अर्धा किलो, एक किलो, पाच किलोचे भाव टाकायच्या. आकडा तीनच्या वर क्वचितच जायचा, म्हणून नजरेतून सुटत होता. पण मंगळवारच्या ओळी एकाखाली एक लावल्या तर सगळ्याच थोड्या वर दिसायच्या. एका मंगळवारवरून काही म्हणता येत नाही, म्हणून चार आठवडे आलटून पालटून केलं. पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात भाव पोस्टमध्ये, दुसऱ्या आणि चौथ्यात फक्त स्टोरीत. बाकी सगळं तसंच. पोस्टच्या आठवड्यांत मंगळवारी गेले एकोणीस आणि बावीस, स्टोरीच्या आठवड्यांत आठ आणि नऊ.

मी म्हटलं, पोस्ट बंद करू. जाऊबाईंनी व्हॉट्सॲप उघडून दाखवलं. पोस्टच्या दोन मंगळवारी मिळून सतरा ऑर्डरी, स्टोरीच्या दोन मंगळवारी सहा. “तुझे बावीस गेले ते मसाला घेणारे होते का गं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते वहीतही नाही.

आता भावपत्रक एक मंगळवार सोडून जातं. त्या दिवशीचा आकडा जाऊबाई लाल पेनाने लिहितात आणि त्याच्या शेजारी, माझ्या नाकावर टिच्चून, ऑर्डरींचा.