मालिनी आणि पावसाळी पहाट: पागोळी का बसत नाही, त्याचा उलगडा

परीक्षेसाठीच्या मालिनीचं काम बरंच पुढे सरकलंय. प्रश्न ठरावीक साच्याचा असतो: दिलेल्या विषयावर मालिनी वृत्तात चार चरण रचा, गण पाडा, यती दाखवा. विषय ‘पावसाळी पहाट’. लक्षण सगळ्यांना पाठ आहे, ‘ननमयय गणांनी मालिनी वृत्त होते’. तरी पुढचं सोपं जावं म्हणून लगावली एकदा मांडते:

ल ल ल ल ल ल गा गा । गा ल गा गा ल गा गा

अक्षरं १५, यती आठव्या अक्षरावर, मागे उरतात सात.

पहिली आनंदाची गोष्ट अशी की ‘पावसाळी पहाटे’ हे शब्द जसेच्या तसे उत्तरार्धात बसतात. पा-व-सा-ळी म्हणजे गा ल गा गा, प-हा-टे म्हणजे ल गा गा. सातही अक्षरं जागच्या जागी, एक मात्रा ओढावी लागत नाही की भरतीचा शब्द घालावा लागत नाही. विषयाचं नावच अर्धा चरण होऊन समोर येतं, हे क्वचित घडतं. त्यामुळे चौथ्या चरणाचा शेवट आधी पक्का झाला आणि रचना खालून वर सुरू केली. पहाटेला यमक दाटे, म्हणून तिसऱ्याचा शेवट ‘डोंगरी मेघ दाटे’. ‘पाऊस’सुद्धा सोयीचा निघाला. तो गा गा ल आहे, त्यामुळे अकरा ते तेरा या जागांत नेमका बसतो: ‘मंद पाऊस दारी’.

एवढं चटकन झालं आणि मग गाडी अडली ती पागोळीवर.

पावसाळ्यातली पहाट म्हटलं की आधी कानावर येते ती पागोळी. ती सोडायची तयारी नव्हती. शब्द तीन गुरूंचा, म्हणजे सरळ म गण, आणि मालिनीत म गण आहेच. मग हा चरण पाहा:

टपकत नव पागोळी घराच्या कडेला

गण पाडा. टपक न, तनव न, पागोळी म, घराच्या य, कडेला य. एकही गण चुकलेला नाही. शेवटचे तिन्ही शब्द तर अख्खे गण आहेत. तरीही हा चरण परीक्षेत चालणार नाही, कारण यती आठव्या अक्षरावर आहे आणि आठवं अक्षर ‘गो’. म्हणताना ‘टपकत नव पागो’ असं थांबून ‘ळी घराच्या कडेला’ म्हणावं लागतं. शब्द मधोमध तुटला, म्हणजे यतिभंग. सामासिक शब्दाच्या सांध्यावर यती आली तर खपवून घेतात, पण पागोळीला सांधाच नाही.

मालिनीची खरी खोच इथे आहे, आणि गणांच्या तक्त्याकडे बघून ती कळत नाही. यती म गणाच्या पोटातून जाते, दोन अक्षरं अलीकडे, एक पलीकडे. आता लगावलीत सलग तीन गुरू कुठे आहेत ते शोधा. फक्त सात-आठ-नऊवर. म्हणजे तीन गुरूंचा कोणताही साधा शब्द मालिनीत यतिभंगाशिवाय येऊच शकत नाही. पागोळी, पागोळ्या, आभाळी, आकाशी, झाडांना, पाण्याने हे सगळे शब्द पहिल्या झटक्यात यादीतून काढून टाकावेत. ‘आभाळी’ बाद होतो, पण ‘आभाळ’ (गा गा ल) पाऊसच्या जागी चालतो. सामान्यरूप किंवा प्रत्यय बदलला की शब्दाचं नशीब बदलतं, ते असं.

मग पागोळीचं काय? ‘पागोळीत’, ‘पागोळीचा’ असे प्रत्यय लावून उपयोग नाही, तीन गुरू सुटत नाहीत. उपाय निघाला तो पूर्वार्धातून. तिथे सुरुवातीलाच सहा लघू हवे असतात आणि मराठीत ते जमवणं ही मालिनीतली दुसरी मोठी अडचण. अन्त्य इकार-उकार आपण दीर्घ लिहितो, अकारान्त शब्दातला उपान्त्यही दीर्घ, त्यामुळे वनी, वारी, वीज, पूर, धूर, ऊन, नीज सगळे या सहा जागांतून बाहेर. समर्थांच्या करुणाष्टकात ‘परम दिनदयाळा’ असं ‘दीन’चं ‘दिन’ केलेलं आहे, वृत्तासाठी तशी मुभा जुन्या काव्यात घेतलीच जाते. परीक्षेत मात्र ती घेऊ नये असं ठाम मत आहे. शुद्धलेखनाचा गुण जाऊ शकतो, आणि तपासणाऱ्याला वाटतं की ह्रस्व-दीर्घ माहीत नाही.

म्हणून पूर्वार्धासाठी अकारान्त, जोडाक्षर नसलेले, आत ‘आ’ किंवा ‘ए’ नसलेले शब्द वेगळे लिहून काढले: हिरवळ, दरवळ, निथळत, उतरत, उजळत, वड, नभ, जळ. या यादीत ‘वळचण’ आला आणि काम झालं. व-ळ-च-ण, चार लघू, आणि पागोळी जिथून पडते तीच जागा! बोलताना आपण ‘वळ्चण्’ म्हणतो हे खरं, पण अक्षरगणवृत्तात लिहिलेला प्रत्येक अकार मोजायचा आणि म्हणताना पूर्ण उच्चारायचा. पुढे ‘गळताना’ घातलं तरी लगावली जुळते, पण गळणं म्हटलं की छप्पर फुटल्यासारखं वाटतं. ‘झरताना’ बरोबर बसलं:

वळचण झरताना मंद पाऊस दारी

याआधी इथे ‘झिमझिम’ घालायचा विचार होता. किलबिल, रिमझिम, झुळझुळ या शब्दांमुळे चार लघू फुकटात मिळतात, म्हणून मालिनीच्या निम्म्या उत्तरपत्रिका त्यांनीच सुरू होतात. एखादा चालेल, पण चार चरणांत तीन आले की श्लोक पोकळ वाटतो. वळचण आल्यामुळे आता एकाचीही गरज उरली नाही.

दुसऱ्या चरणात वेगळीच भानगड आहे:

उतरत बगळ्यांची रांग आली शिवारी

पाचवं-सहावं अक्षर ‘ब-ग’, त्यानंतर ‘ळ्यां’. जोडाक्षरामागचं अक्षर गुरू, असा नियम डोळे मिटून लावला तर ‘ग’ गुरू होतो आणि दुसरा न गण कोसळतो. पण नियम आघाताचा आहे. जोडाक्षर उच्चारताना मागच्या अक्षरावर जोर पडला तरच ते गुरू. ‘बगळ्यांची’ म्हणून पाहा, ‘ग’वर काही भार येत नाही, तो लघूच. तुझ्या, दुसऱ्या, उन्हात यांतही तसंच. सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘पुण्याचा’. पुणे शहराचा ‘पुण्याचा’ म्हणजे ल गा गा, य गण. पुण्य म्हणजे सुकृत, त्याचा ‘पुण्याचा’ म्हणजे गा गा गा, म गण. अक्षरं तीच, लगावली वेगळी. पहिला मालिनीच्या शेवटी दिमाखात बसतो, दुसऱ्याला पागोळीसारखीच दारं बंद.

इथे साधनांबद्दल दोन शब्द. मजकूर टाकला की लघुगुरू पाडून देणारी जी यांत्रिक साधनं फक्त लेखनावर चालतात, ती ‘बगळ्यांची’ला चूक दाखवणार, कारण त्यांना आघात ऐकू येत नाही. दुसऱ्या टोकाला करुणाष्टकाच्या चालीवर म्हणून तपासायची पद्धत आहे. ती यती पकडायला फार चांगली, पण गळा नकळत लघू ओढतो आणि चूक लपते. मात्रा मोजणंही अपुरं. चरणात २२ मात्रा हव्यात, यतीआधी १० आणि नंतर १२, पण क्रम उलटा झाला तरी बेरीज तीच येते. सगळ्यात भरवशाची गणिताची चौकटींची वही: एका चौकटीत एक अक्षर, आठव्यानंतर जाड रेघ. रेघेवर शब्द चढला की लगेच दिसतो.

‘बगळ्यांची’ ठेवायचं की नाही यावर मत असं: ठेवावं, आणि गण पाडताना ‘ग’खाली ‘आघात नाही, म्हणून लघू’ एवढं लिहावं. ज्यांना धोका नको त्यांच्यासाठी ‘उतरत बगळे ते’ निर्दोष आहे, पण तो ‘ते’ भरतीचा आहे आणि तो भरतीचा आहे हे दिसतं.

आता पूर्ण श्लोक:

वळचण झरताना मंद पाऊस दारी
उतरत बगळ्यांची रांग आली शिवारी
हिरवळ भिजलेली, डोंगरी मेघ दाटे
निथळत वड राहे पावसाळी पहाटे

गण, न न म य य या क्रमाने:

वळच । णझर । तानामं । दपाऊ । सदारी
उतर । तबग । ळ्यांचीरां । गआली । शिवारी
हिरव । ळभिज । लेलीडों । गरीमे । घदाटे
निथळ । तवड । राहेपा । वसाळी । पहाटे

यती अनुक्रमे ‘झरताना’, ‘बगळ्यांची’, ‘भिजलेली’, ‘राहे’ नंतर, चारही ठिकाणी शब्द पूर्ण. चरणान्ती लघू आला तर गुरू मानण्याची सवलत कुठेही वापरलेली नाही. ‘मंद’मधला अनुस्वार उच्चारला जातो, म्हणून ‘मं’ गुरू. एक गोष्ट अजून खटकते: ‘राहे’ जरा जुन्या वळणाचं आहे. ‘निथळत वड आहे’ केलं तरी लगावली तीच राहते, पण ‘राहे’मध्ये निथळणं चालूच आहे असं वाटतं, म्हणून सध्या तेच.

तिसऱ्या चरणात ‘धुके’ आणायचं होतं. ‘घाटमाथा धुक्याने’ उत्तरार्धात चपखल बसतो (धुक्याने ल गा गा, आघात नाही), पण दाटे-पहाटे यमक सोडावं लागतं. ज्यांना पहाटेचं यमक नको असेल त्यांनी तो जरूर वापरून पाहावा. तसंच वीज आणि ऊन पूर्वार्धात बाद असले तरी ‘विजेचा’, ‘उन्हाचा’ हे य गण आहेत, दहा ते बारा किंवा तेरा ते पंधरा या जागांत आरामात जातात.

पुढचा बेत वर्षा ऋतूवरच्या दुसऱ्या मालिनीचा होता, तो हे लिहिता लिहिता बदलला. तीन गुरूंचा शब्द मालिनीत मरतो, पण मंदाक्रांतेची सुरुवातच चार गुरूंनी होते आणि यती चौथ्यावर. ‘पागोळ्यांची’ म्हणजे बरोबर तेवढं. पुढचा तुकडा पाच लघू आणि एक गुरू, ‘टपटप सुरू’. आणि मंदाक्रांतेची शेवटची सात अक्षरं? गा ल गा गा ल गा गा, मालिनीच्या उत्तरार्धाचीच लगावली. म्हणजे मभनततगग, अक्षरं १७, यती ४, ६, ७:

पागोळ्यांची टपटप सुरू पावसाळी पहाटे

पहिला चरण तयार आहे. उरलेले तीन रचायला आजच बसते.