साठ आयत आणि दोन गुण

लेकीच्या गणिताच्या पेपरवर बाईंनी लाल शाईत एकच ओळ लिहून पाठवली होती: "60 आले कुठून?" उत्तर बरोबर, तरी सहापैकी दोन गुण. जर्मनीत मुलांच्या शाळेबद्दल मी आजवर बरंच सोसलं, पण त्या दिवशी डोकं सटकलं.

प्रश्न तुमच्या ओळखीचाच. उभे चार रकाने, आडव्या तीन ओळी, अशी बारा घरांची जाळी. त्यात लहानमोठे सगळे मिळून आयत किती? स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीला बसलेल्या कोल्हापूरच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवा, तो सांगेल: वरच्या ओळीतल्या घरांत 1, 2, 3, 4 लिही, बेरीज दहा. उभ्या बाजूला 1, 2, 3, बेरीज सहा. दहा सक साठ. झालं. लेकीला ही युक्ती तिच्या आजोबांनी, आमच्या आप्पांनी, व्हिडिओ कॉलवर शिकवली होती. आप्पांनी प्राथमिक शाळेत मास्तर असताना स्कॉलरशिपच्या किती बॅचा काढल्या याची मोजदाद नाही. लेकीनं साठ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. वर्गातली बाकीची पोरं आकारानुसार मोजत बसली होती: एक-एक घराचे बारा, आडव्या दोन घरांचे नऊ, असं करत करत. त्यातल्या काहींचं उत्तर चुकलं, तरी त्यांना हिच्यापेक्षा जास्त गुण.

तावातावानं बाईंना भेटायला गेलो. बाई शांत. (इथं सगळेच शांत असतात, त्याचाच जास्त राग येतो.) म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे हे मला दिसतंय. पण एकही आयत दोनदा मोजला नाही आणि एकही सुटला नाही, हे तिला कशावरून कळलं? मी म्हटलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. त्या म्हणाल्या, पद्धत छानच आहे, ती का चालते, तेवढंच मला हवं होतं.

परतताना गाडीत मनातल्या मनात बरंच भांडलो. स्कॉलरशिपच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. त्यात आकृती बघायची, मोजायचं, चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा. तिथं "का" विचारत बसलं की गोल पांढराच राहतो. आणि त्या सव्वा मिनिटाच्या जोरावर खेड्यापाड्यातली किती पोरं पुढे गेली! इथल्या पोरांना एका प्रश्नाला दहा मिनिटं मिळतात, त्यांनी आम्हाला शिकवू नये. हे सगळं मी आजही म्हणतो. पण बाईंचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

रविवारी कोल्हापूरला फोन लावला. आप्पा माझ्यापेक्षा भडकले. "उत्तर बरोबर हाय न्हवं? मग गुण कापायचं कारण काय?" ताई मागून म्हणाली, "आप्पा, बीपीची गोळी घेतलाय का आधी?" पाचवीतली भाची तिथंच बसली होती, यंदा तिची स्कॉलरशिप. म्हटलं, ये इकडं, फोन खिडकीकडे फिरव. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची ती खिडकी: लाकडी चौकट, आत तीन उभे गज आणि दोन आडव्या पट्ट्या. घरं मोजली तर चार रकाने, तीन ओळी. पेपरातलीच आकृती, लोखंडात.

मी म्हटलं, घरांकडे बघू नको. फक्त रेषांकडे बघ. खिडकीतला कुठलाही आयत घे. त्याला एक डावी कड, एक उजवी कड, एक वरची, एक खालची. डावी आणि उजवी कड कुठल्या तरी दोन उभ्या रेषांवर बसणार, वरची-खालची दोन आडव्या रेषांवर. म्हणजे आयत शोधायचाच नाही. दोन उभ्या रेषा निवडायच्या, दोन आडव्या निवडायच्या, आयत आपोआप मिळतो. निवड बदलली की आयत बदलतो, आणि एका आयताच्या चारही कडा ठरलेल्या, म्हणून त्याची निवडही एकच. बाईंना हवं होतं ते एवढंच: सुटलेला एक नाही, दोनदा आलेला एक नाही.

भाचीनं लगेच हिशेब केला. "मामा, उभे गज तीन, त्यातले दोन निवडायचे तीन प्रकार. आडव्या पट्ट्या दोनच, म्हणून एक प्रकार. तीन एके तीन. खिडकीत तीनच आयत?" आप्पा हसायला लागले. चौकट राहिली! बाहेरचं लाकूडही रेषाच आहे. तीन गज आणि दोन्ही बाजूंची चौकट मिळून उभ्या रेषा पाच, तशाच आडव्या चार. घरं चार असली की रेषा पाच, हे एक जास्तीचं नेहमी निसटतं. पेपरातही पोरं "चार घरं, चार रेषा" धरतात आणि सहा गुणिले तीन, अठरा लिहून मोकळी होतात. शंका आली तर एकाच घराची आकृती घेऊन बघायचं. तिथं उभ्या रेषा दोन, आडव्या दोन, निवड प्रत्येकी एक, म्हणून आयत एक. तुमच्या रीतीनं तिथं शून्य आलं तर रेषा मोजताना चौकट राहिली आहे.

आता पाच उभ्या रेषांतून दोन किती प्रकारे? सगळ्यात डावीकडची रेषा धरा, तिला उजवीकडे चार जोडीदार. दुसरीला तीन, तिसरीला दोन, चौथीला एक. चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक, दहा. इथं आप्पा एकदम गप्प झाले. घरांत 1, 2, 3, 4 लिहून बेरीज करायची ही जी युक्ती ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, ती म्हणजे रेषांच्या जोड्याच मोजणं होतं. चार आडव्या रेषांच्या जोड्या सहा. आणि गुणाकार का, बेरीज का नाही? कारण उभ्या दहा जोड्यांपैकी प्रत्येकीबरोबर आडव्या सहाही जोड्या चालतात, एक जोडी दुसरीला अडवत नाही.

चौरस मोजताना मात्र ही सोय जाते. तिथं उभ्या दोन रेषांमधलं अंतर आणि आडव्या दोघींमधलं अंतर सारखंच हवं. म्हणजे उभी जोडी ठरली की आडवीला मोकळीक उरत नाही, आणि सरळ गुणाकार करता येत नाही. तिथं आकारानुसारच जायचं: एक घराचे 12, दोन बाय दोनचे 6, तीन बाय तीनचे 2, एकूण 20. साठ आयतांतले हे वीस चौरस, कारण चौरस हाही आयतच. घाईत प्रश्न नीट न वाचणाऱ्यांचे गुण इथंच जातात.

बुद्धिबळाच्या पटावर हेच केलं तर रेषा नऊ-नऊ, जोड्या 36, आणि आयत 36 चा वर्ग, म्हणजे 1296. गंमत अशी की 1 पासून 8 पर्यंतच्या आकड्यांचे घन मिळवले तरी 1296 च येतात. इथल्या पुस्तकांत या नियमाला निकोमाकस या ग्रीकाचं नाव आहे. मी बाईंना ईमेल करून कळवलं की आर्यभटानं इसवी सन 499 च्या सुमारास आपल्या ग्रंथात हे एका ओळीत सांगून ठेवलंय: 'चितिवर्गो घनचितिघनश्च', बेरजेचा वर्ग म्हणजे घनांची बेरीज. निकोमाकस आर्यभटाच्या आधीचा, हे मी ईमेलमध्ये लिहिलं नाही. तेवढं चालतं. बाईंनी उत्तरात लिहिलं, फारच सुंदर, आणि आर्यभटानं ते कसं सिद्ध केलं? त्या ओळीत सिद्धता नाही, नुसता नियम आहे. म्हणजे आर्यभटालाही सहापैकी दोन.

खरी गोची पेपरातल्या दुसऱ्या उपप्रश्नात होती, आणि मला मनातून बाईंचं म्हणणं पटायला लागलं ते तिथं. तीच जाळी, फक्त मधल्या उभ्या रेषेचा मधल्या ओळीतला तुकडा खोडलेला. आता आयत किती? युक्ती इथं लंगडी पडते, घरांत आकडे लिहायचे कुठं? लेकीनं दोन घरं मोडली म्हणून साठातून दोन वजा करून 58 लिहिलं. पण रेषांनी बघा. ज्या आयताची डावी किंवा उजवी कड त्या तुकड्यावरून जाते तेवढेच जातात. तुकडा ज्यांच्या पोटात होता ते सगळे शाबूत. मधली उभी रेषा एक कड म्हणून धरली तर दुसरी कड उरलेल्या चारांपैकी कुठलीही. आणि आयतानं मधली ओळ व्यापायला हवी, म्हणजे वरची कड पहिल्या दोन आडव्या रेषांपैकी एक, खालची शेवटच्या दोनांपैकी एक, असे चार प्रकार. चार चोक सोळा गेले, 44 उरले.

लेकीला हे फोनवरच कळलं आणि तिनं आजोबांना विचारलं, "मग ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?" आप्पा म्हणाले, "आमच्या मास्तरांनी. आणि मास्तरांना विचारायची सोय नव्हती." ताई म्हणाली, "आत्ता तरी कुठं हाय?" विषय तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर आप्पांच्या वहीचा फोटो. त्यांनी एकेक तुकडा खोडून हिशेब मांडला होता. उभा तुकडा कुठल्याही रेषेवरचा असो, अगदी बाहेरच्या चौकटीचाही, मधल्या ओळीतला असेल तर 16 च जातात आणि वरच्या-खालच्या ओळीतला असेल तर 12, कारण पाचांपैकी कुठल्याही रेषेला जोडीदार चारच. चौकटीचा तुकडा आतल्या गजाइतकाच महाग पडतो हे त्यांना पटेना, म्हणून त्यांनी ते बारा आयत एकेक काढून बघितले होते. खाली दोघी नातींसाठी प्रश्न: एकच तुकडा खोडून जास्तीत जास्त आयत घालवायचे असतील तर कुठला खोडाल? लेकीचं उत्तर शाळेच्या बसमधून आलं. मधल्या दोनांपैकी कुठल्याही एका रकान्यातला आडवा तुकडा, तीन जोडीदार गुणिले सहा, अठरा जातात, 42 उरतात. खाली तिनं लिहिलं होतं, कारणासहित. भाचीनं नुसतंच 42 लिहिलं, पण तिच्याआधी.